एकसष्टावा डबा

बाई, मेसच्या बोर्डावर तू तीन शब्द रंगवून घेतले आहेस: घरगुती, गरम, वेळेवर. वाचायला हे एकच वाक्य वाटतं, पण ती तीन वचनं आहेत आणि तिन्ही वेगवेगळ्या माणसांच्या हातात आहेत. घरगुती चव तुझ्या हातात. गरम राहणं डबे भरणाऱ्या बायांच्या हातात. वेळ मालाच्या रिक्षावरच्या पोराच्या हातात. एखादं गिऱ्हाईक मेस बंद करतं तेव्हा तू काय करतेस? भाजीचा मसाला बदलतेस. तुझ्या डोळ्यांसमोर तेवढंच असतं, म्हणून. इतकी वर्षं मेस चालवून मी एवढं सांगू शकते की शब्द बहुतेक वेळा आपल्या ओट्यावर मोडत नाही. आपण हजर नसतो अशा जागी मोडतो, आणि त्या जागा शोधून काढाव्या लागतात.

लोक लगेच मुंबईच्या डबेवाल्यांचं उदाहरण देतात. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी ते काम सुरू केलं, १९५६ मध्ये त्यांचा रीतसर ट्रस्ट झाला, हे सगळं खरं आहे आणि कौतुकाचंही आहे. पण डबेवाला चवीची हमी देत नाही. अन्न घरच्या बाईनं केलेलं असतं. ते खारट निघालं तर भांडण घरात होतं, डबेवाल्याशी नाही. त्याचं वचन एकच, अमक्याचा डबा अमक्याच्या टेबलावर, जेवणाच्या वेळेच्या आत. त्या एका वचनासाठी त्यांनी झाकणावरच्या खुणा बसवल्या, म्हणजे कुठून उचलायचा, कोणत्या स्टेशनावर उतरवायचा, कोणती इमारत, कोणता मजला. डबा अनेक हात बदलतो, पण कोणत्या ठिकाणी तो कोणाच्या हातात आहे हे पक्कं ठरलेलं असतं. त्यांच्याकडून घ्यायचं ते एवढंच. तू तीन वचनं दिली आहेस, तुला त्यांच्यापेक्षा जास्त खुणा लागतील.

आता काम कसं करायचं ते ऐक. गेल्या वर्षीचं भिंतीवरचं मोठं कॅलेंडर काढ आणि त्याची कोरी पाठ घे. त्यावर एका गिऱ्हाईकाचा पूर्ण महिना मांड, पहिल्या फोनपासून शेवटच्या दिवशी डिपॉझिट परत देईपर्यंत. जिथे जिथे त्याची आपल्या मेसशी गाठ पडते ती प्रत्येक जागा लिही. फोन कोण उचलतो, भाव कोण सांगतं, डबे कोण देतं, पहिल्या दिवशी डबा किती वाजता पोचतो, कोणाच्या हातात पोचतो, घेणारा तो कधी उघडतो, रिकामा डबा कुठे ठेवतो, खाडा कोणाला सांगतो, तक्रार कोणाकडे करतो, पैसे कधी मागितले जातात. प्रत्येक जागेपुढे तीन गोष्टी लिहायच्या: आपण काय म्हटलं होतं, प्रत्यक्षात काय होतं, आणि त्या क्षणी तिथे आपलं कोण असतं. तिसरा रकाना भरताना तुला कळेल की निम्म्या जागी आपलं कोणीच नसतं. होस्टेलचा वॉचमन असतो, घरमालकीण असते, नाही तर गेटचा खिळा असतो.

‘प्रत्यक्षात काय होतं’ हा रकाना आठवणीनं भरू नकोस. आपली आठवण आपल्या बाजूनं बोलते. त्यासाठी दोन साधनं आहेत आणि दोन्ही फुकटची.

पहिलं साधन म्हणजे परत आलेला डबा. नाराज माणूस तोंडानं सांगत नाही, खरकट्यातून सांगतो. तू काय करतेस, डबे आले की सगळे एकदम टाकीत. एक आठवडा तसं करू नकोस. धुण्याआधी झाकणं उघड आणि वहीत लिही, कोणी काय ठेवलं. मग तीन प्रश्न विचार. एकच माणूस रोज एकच वस्तू परत पाठवतो का? तो त्याच्या आवडीचा प्रश्न आहे, त्याला विचार आणि ती वस्तू कमी घाल. एका दिवशी सगळ्यांनीच भाजी ठेवली का? मग त्या दिवशी ओट्यावर काहीतरी बिघडलं. पण एकाच रस्त्यावरच्या, एकाच बिल्डिंगमधल्या पाच-सहा जणांच्या पोळ्या रोज परत येत असतील तर पोळी करणारीला बोल लावू नकोस. पोळी चांगलीच होती. वाटेत बिघडली. माणूस, दिवस आणि रस्ता हे तीन वेगळे काढता आले की निम्मा शोध संपला.

दुसरं साधन म्हणजे एकसष्टावा डबा. समज, तुझे साठ डबे जातात. एक आणखी भर, तुझ्या स्वतःच्या नावाचा. तो वेगळा काढून ठेवायचा नाही, सगळ्यांत शेवटच्या घराच्या डब्यांसोबत ठेवायचा, त्याच क्रेटमध्ये. तो पूर्ण फेरी करून येऊ दे. आल्यावर लगेच उघडायचा नाही. होस्टेलचं पोरगं दोन वाजता जेवत असेल तर तूही दोनपर्यंत थांब, गारव्यात नको, वॉचमनच्या खोलीत असतो तसाच टिनाच्या शेडखाली ठेव, आणि दोन वाजता तो डबा तू जेव. स्वयंपाकघरात चाखलेली भाजी आणि दोन वाजताची भाजी यात किती अंतर पडतं ते जिभेला कळलं की मग मी आणखी काही सांगायची गरज नाही. दुकानात काट्याचा थर्मामीटर मिळतो, तो वरणात बुडवून आकडा लिही. अन्न ६० अंशांच्या वर असलं तर ठीक. त्याच्या खाली आणि कोमट असलं की जिवाणूंची चैन असते. भाताचं तर खास सांगते. भात शिजवताना सगळे जिवाणू मरत नाहीत, काहींची बीजं टिकतात, आणि भात कोमट पडून राहिला की ती वाढून विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून भात कोमट अवस्थेत दोन तासांच्या वर नको, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे गेला की एक तासच धर.

आता तुझ्याच मेसचा हिशोब मांडून दाखवते, कारण ‘गरम’ हा शब्द नेमका कुठे मोडतो ते यात दिसतं.

साठ डबे. एक डबा भरायला चाळीस सेकंद लागतात असं धर, म्हणजे सगळे भरायला चाळीस मिनिटं. अकरा वीसला सुरुवात, बाराला शेवट, बाराला रिक्षा निघते. वीस ठिकाणी थांबायचं, प्रत्येक ठिकाणी तीन डबे, आणि दर थांब्याला वाट धरून तीन मिनिटं. शेवटचा डबा एक वाजता पोचतो. आपण म्हणतो, एका तासात सगळे डबे पोचले, वेळेवर काम झालं.

पण डबे भरतात कोणत्या क्रमानं ते बघ. रिक्षात सर्वांत आत जाणारं क्रेट दूरच्या घरांचं असतं, कारण ते शेवटी काढायचं असतं. आत आधी ठेवायचं म्हणून बाया ते आधी भरतात. सोयीचंच आहे. पण त्याचा परिणाम असा होतो की सर्वांत दूरच्या घराचा डबा अकरा वीसला भरला गेला, चाळीस मिनिटं ओट्यावर बसला, वर एक तास फिरला. शंभर मिनिटं. आणि मेसला लागून जे घर आहे त्याचा डबा बाराला भरला आणि तीन मिनिटांत पोचला. त्या घरचे लोक तुझी तारीफ करतात. दूरचे हळूहळू मेस बंद करतात, आणि तुला वाटतं की त्या भागातले लोकच तसे.

आता फक्त भरण्याचा क्रम उलटा कर. जवळचं क्रेट आधी भर, भरून ओट्यावर बाजूला ठेव. दूरचं शेवटी भर. रिक्षात ठेवताना मात्र दूरचं आत आणि जवळचं बाहेर, पूर्वीसारखंच. म्हणजे भरायचा क्रम वेगळा, चढवायचा वेगळा. आता जवळच्या घराचा डबा चाळीस मिनिटं थांबतो आणि तीन मिनिटांत पोचतो, म्हणजे त्रेचाळीस. शेवटच्या घराचा भरला आणि निघालाच, म्हणजे साठ. कोणाचाच डबा साठ मिनिटांच्या वर नाही. एक रुपया खर्च नाही, एक माणूस वाढला नाही. आणि गंमत अशी की सरासरी काढलीस तर दोन्ही पद्धतींत ती सारखीच येते, एकावन्न-बावन्न मिनिटं. म्हणून सरासरीवर जाऊ नको. सर्वांत वाईट डबा कोणाला मिळतो आणि रोज त्याच माणसाला मिळतो का, हे बघायचं.

पोळीचं तेवढं वेगळं आहे. तव्यावरची पोळी थेट डब्यात घातली की तिची वाफ झाकणाला लागते आणि पाणी होऊन पोळीवरच पडते. आधी जाळीवर दोन-तीन मिनिटं पसरून वाफ जाऊ दे, मग स्वच्छ सुती फडक्यात गुंडाळून ठेव. वर्तमानपत्राचा कागद अजिबात वापरायचा नाही. छापाची शाई अन्नात उतरते, आणि २०१८ च्या पॅकिंगच्या नियमांनी त्याला मनाईच केली आहे. तुझ्याकडे नोंदणीचा नंबर बोर्डावर आहे, म्हणजे कोणी येऊन बघू शकतो हे लक्षात असू दे.

पुढचा मुद्दा मी जास्त वेळ सांगणार आहे, कारण मेसवाल्यांचं नाव सर्वांत जास्त इथेच खराब होतं. खाडा.

आधी आपलं गिऱ्हाईक कोण ते बघ. १ जुलै १९९८ ला वाशीम अकोल्यातून वेगळा जिल्हा झाला, तेव्हा जिल्ह्याची कार्यालयं इथे आली आणि बदलीवर येणारे एकटे कर्मचारी आले. त्यातले किती तरी शनिवारी अकोला, अमरावतीला घरी जातात. आयटीआय आणि अभ्यासिकांची पोरं रिसोड, मानोरा, मालेगाव तालुक्यातल्या खेड्यांतली, तीही शनिवारी घर गाठतात. २०२४ पासून वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, ती पोरं राज्यभरातून आलेली, ती शनिवारी जात नाहीत, दिवाळीला मात्र एकदम बरेच दिवस जातात. शिवाय जूनमध्ये पेरणी आणि ऑक्टोबरात सोयाबीन काढणी आली की शेतकऱ्याचं पोरगं आठ-दहा दिवस गावात असतं. तुझ्या मेसचा खरा महिना असा फाटक्या तारखांचा आहे, आणि तुझा नियम अखंड तीस दिवसांचा.

तुझा नियम काय? सलग तीन दिवस नसलं तरच खाडा धरणार, आणि आदल्या दिवशी सांगितलं तरच. नियम स्पष्ट आहे असं तुला वाटतं. आता शनिवारी घरी जाणाऱ्या पोराच्या जागी बसून बघ. शनिवारची संध्याकाळ आणि रविवारची दुपार, हे दोन डबे दर आठवड्याला बुडतात. सलग तीन दिवस कधीच होत नाहीत, म्हणून खाडा कधीच धरला जात नाही. महिन्याचे आठ डबे. आणि रविवारी संध्याकाळी तर मेस बंदच. तू २८०० रुपये घेतेस आणि बोर्डावर ‘महिना दोन वेळ’ लिहितेस. तो मनात साठ डबे मोजतो. तू रविवारच्या चार संध्याकाळी वगळून छप्पन्न देतेस. त्याला पोचतात अठ्ठेचाळीस. छप्पन्न डब्यांच्या हिशोबानं एक डबा पन्नास रुपयांचा, म्हणजे त्याचे दरमहा चारशे रुपये बुडतात. तो भांडत नाही. तो तीन महिने गप्प राहतो आणि चौथ्या महिन्याला पैसे द्यायला येत नाही.

त्याच्या डोक्यात वचन तेव्हा मोडलं नाही, पहिल्या फोनवरच मोडलं. ‘महिना’ म्हणजे किती डबे हे त्या दिवशी कोणी सांगितलंच नाही. म्हणून कॅलेंडरच्या पाठीवर पहिल्या फोनच्या जागेला लाल खूण कर, खाड्याच्या जागेला नको. बिघाड दिसतो एकीकडे आणि असतो दुसरीकडे, हे या सगळ्या मांडणीचं फळ आहे.

उपाय माझ्या मते हा. महिना विकू नको, डबे विक. छप्पन्न डब्यांचं कार्ड, २८०० रुपये. जो डबा गेला त्याची टिक. आदल्या रात्री नऊपर्यंत ‘उद्या नको’ असं सांगितलं तर टिक नाही, मग एकच डबा असो की दहा. नऊच का, तर सकाळच्या भाजीचा आणि कणकेचा अंदाज तू रात्री नऊनंतर घेतेस. तुझी जी खरी वेळ आहे तीच नियमाची वेळ ठेव, म्हणजे नियम समजावून सांगता येतो. सकाळी दहाला फोन आला तर भाजी चिरून झालेली असते, तिथे टिक पडणारच, आणि गिऱ्हाईकालाही ते पटतं.

याला एक मर्यादा आहे, तीही आधीच सांगून ठेव. डबा न गेल्यानं तुझं वाचतं ते फक्त धान्य, भाजी, तेल. पोळीवालीचा पगार, रिक्षाचं भाडं, जागेचं भाडं चालूच राहतं. म्हणून कार्ड अमर्याद लांबवू देता येत नाही. छप्पन्न डबे चाळीस दिवसांत संपवायचे, अशी अट घाल. शनिवारी जाणारं पोरगं त्यात आरामात बसतं. त्याला आठवड्याला अकरा डबे लागतात, म्हणजे कार्ड छत्तीस-सदतीस दिवसांत संपतं. पेरणीला गावी जाणाऱ्यानं आधी सांगितलं तर त्याला आणखी आठ दिवस दे, ते तुझ्या मर्जीनं. कार्ड चाळीस दिवसांपर्यंत चालल्यामुळे दर महिन्याची आवक थोडी कमी होईल, हे खरं आहे. पण तीन महिने राहणारं पोरगं दोन वर्षं राहिलं तर तो हिशोब तूच करू शकतेस.

याच्याच पोटात एक लहान गोष्ट आहे जी कोणाच्या लक्षात येत नाही. रविवारी दुपारी तू फिस्ट करतेस, पुरी, कढी, गोड. जे दर शनिवारी घरी जातात त्यांनी तुझी फिस्ट कधीच खाल्ली नाही. त्यांच्या ताटात वर्षभर आलू-वांगं आणि वरणच आलं. इतरांकडून ते ऐकतात की मेसमध्ये काल पुरणपोळी होती. फिस्ट बुधवारी कर. रविवारी काय, तिथे साधी खिचडी-कढी चालेल, जे राहतात त्यांनाही सुट्टीच्या दिवशी हलकं बरं वाटतं.

आता शेवटच्या दहा पावलांबद्दल. रिक्षावाल्या पोराला आपण विचारतो, ‘पोचवला का?’ तो म्हणतो, ‘हो.’ तो खोटं बोलत नाही. पण गेटला लटकवलेला डबा उन्हात असतो, मांजर झाकण उघडते, होस्टेलच्या वॉचमनच्या खोलीत तो दीड तास पडून असतो. पोचण्याची वेळ आणि जेवण्याची वेळ यात फरक आहे आणि वचन तर जेवतानाचं आहे. म्हणून नवीन गिऱ्हाईक आलं की ‘डबा किती वाजता पाठवू’ असं विचारू नको. ‘तुम्ही किती वाजता जेवता’ असं विचार. दोन वाजता जेवणारे आठ-दहा जण एकत्र निघाले की त्यांचा वेगळा छोटा फेरा कर, दीडचा. रात्रीचंही तसंच, क्लासमधून साडेनऊला परतणाऱ्या पोराला साडेसातला डबा देण्यात काय अर्थ आहे? तो तुझ्या सोयीचा आहे, त्याच्या नाही.

डब्यांच्या खुणांचं मात्र लगेच करून घे. नेलपॉलिशनं लिहिलेले आकडे महिन्याभरात घासून जातात. भांड्यांच्या दुकानात नाव कोरून देतात, तिथून झाकणावर आणि बुडावर दोन्हीकडे आकडा कोरून घे. झाकणं बदलतात हे विसरू नको. आपल्या जिल्ह्यात कारंजा, शिरपूरकडची जैन घरं बरीच आहेत, वाशीमलाही आहेत. कांदा-लसूण न खाणाऱ्याच्या डब्यात दुसऱ्याची भाजी गेली तर ती चूक म्हणून माफ होत नाही. दुसऱ्या दिवशी तू कितीही चांगला डबा पाठव, त्याच्या घरच्यांचा विश्वास परत येत नाही. त्यांचे डबे वेगळ्या रंगाच्या कड्यांचे ठेव, त्यांची भाजी वेगळ्या गंजात कर आणि ते डबे सर्वांच्या आधी, ओट्यावर दुसरी भाजी यायच्या आत भरून घे. फिरून तापमानाचा प्रश्न येईल, तो येऊ दे. इथे गरमपेक्षा शुद्ध महत्त्वाचं. दोन वचनं भांडली की कोणतं जिंकतं हे मालकिणीनं आधी ठरवलेलं असावं, भरणाऱ्या बाईवर ते सोडू नये.

तक्रारीचं थोडक्यात सांगते. आपल्याकडे तक्रार पहिल्यांदा रिक्षावाल्या पोराच्या कानावर येते आणि तिथेच मरते, कारण त्याला वाटतं सांगितलं तर आपल्यालाच बोलणी बसतील. त्याच्या खिशात लहान वही दे आणि रोज एक तरी वाक्य आणायला सांग, चांगलं असो की वाईट. ज्या दिवशी त्यानं वाईट आणलं त्या दिवशी त्याच्यावर ओरडलीस तर वही कायमची कोरी राहील. व्हॉट्सॲपवर सगळ्या गिऱ्हाईकांचा ग्रुप केला आहेस तो बंद कर. एकानं ‘आज वरण पातळ होतं’ लिहिलं की ज्यांना ते चालत होतं त्यांनाही ते पातळ वाटायला लागतं. मेनू एकेकट्याला जाईल असा पाठव. तक्रार आली तर उत्तर त्याला एकट्याला, आणि फोनवर.

पैशाच्या बाबतीत मुंबईच्या गिरणगावातल्या खानावळवाल्या बायांची रीत वेगळी होती. कामगार महिनाभर जेवत आणि पगार झाला की पैसे देत. बाया उधारीवर किराणा आणत आणि व्याजात अडकत. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायांना बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी. १९८२ चा गिरण्यांचा संप झाला तेव्हा गिऱ्हाईकाचा पगारच थांबला आणि खानावळींचीही चूल थंडावली. तू आगाऊ घेतेस ते बरोबरच आहे. पण आगाऊ घेतलेले पैसे म्हणजे तू न दिलेल्या जेवणाची उधारी आहे, तू गिऱ्हाईकाची देणेकरी आहेस, हे डोक्यात ठेव. कार्डावर सोळा डबे शिल्लक असताना कोणी बदली होऊन गेला तर त्याचे आठशे रुपये परत दे, न मागता. डब्याचं डिपॉझिट रिकामा डबा हातात येईल त्याच दिवशी परत कर. ‘महिन्याच्या एक तारखेला या’ असं म्हणू नको. बदली झालेला माणूस त्याच्या जागी येणाऱ्या माणसाला मेस सांगून जातो. कॅलेंडरच्या पाठीवर ही शेवटची गाठ बहुतेक मेसवाले लिहितच नाहीत, आणि तिथूनच त्यांचं पुढचं गिऱ्हाईक यायचं असतं.

एवढं सगळं एकदम करायला जाऊ नको. आधी खरकट्याची वही आठवडाभर लिही, एकसष्टावा डबा तीनदा तरी फिरव, मग भरण्याचा क्रम बदल. कार्ड पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून सुरू कर, मधल्या महिन्यात नियम बदललास तर तेही वचन मोडणंच होईल. बोर्ड मात्र आजच उतरवून रंगाऱ्याकडे दे आणि ‘महिना’ खोडून ‘५६ डबे’ लिहून घे.

आणि चौकशीला कितीही फोन आले तरी साठाच्या वर एकही डबा घेऊ नको, दुसरी रिक्षा लागेपर्यंत. एका रिक्षाचा एक फेरा साठ डब्यांत साठ मिनिटांना येऊन टेकला आहे. एकसष्टावा डबा तुझा स्वतःचा आहे, तो विकायचा नाही.